फोटोतलं ९.१ आणि फायनलचं तिकीट

दहा-दहा षटकांची आंतरवर्गीय स्पर्धा. संघ चार: नववी अ, नववी ब, दहावी अ आणि दहावी ब. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं, म्हणजे एकूण सहा सामने. जिंकलं की दोन गुण आणि पहिले दोन संघ अंतिम सामन्यात. शाळेच्या मैदानावर मधल्या सुट्टीनंतर चालणारी अशी स्पर्धा महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात सापडेल. ही मी उदाहरणासाठी रचली आहे. तिचे आकडे मुद्दाम थोडे नाठाळ ठेवले आहेत, कारण खऱ्या स्पर्धांचे आकडे तसेच असतात.

दहावी अ तिन्ही सामने जिंकते आणि सहा गुणांनी मोकळी होते. गोंधळ उरलेल्या तिघांचा आहे. नववी अ ने नववी ब ला हरवलं, नववी ब ने दहावी ब ला हरवलं आणि दहावी ब ने नववी अ ला हरवलं. तिघांचे दोन-दोन गुण. ‘आपसातल्या सामन्यात कोण जिंकलं ते बघा’ हा नेहमीचा तोडगा इथे गोल फिरून पुन्हा जागेवरच येतो. अशा वेळी नेट रन रेट काढावा लागतो. ते काम ज्याच्याकडे येतं, त्याच्या हातात स्कोअरबुक नसतं. असतात ते व्हॉट्सॲपवर आलेले सहा-सात फोटो.

नेट रन रेट म्हणजे दोन सरासऱ्यांची वजाबाकी. संघाने संपूर्ण साखळीत केलेल्या धावा भागिले खेळलेली षटकं, ही पहिली सरासरी. संघाने दिलेल्या धावा भागिले टाकलेली षटकं, ही दुसरी. पहिलीतून दुसरी वजा करायची. उत्तर धन आलं तर संघ दर षटकामागे प्रतिस्पर्ध्यांपेक्षा जास्त धावा करतो, ऋण आलं तर कमी. प्रत्येक सामन्याचा वेगळा दर काढून त्यांची सरासरी घ्यायची नसते. सगळ्या धावांची बेरीज आणि सगळ्या षटकांची बेरीज करून शेवटी एकदाच भागाकार करायचा. गणित सातवीतल्या मुलालाही जमेल. अडचण फोटो वाचण्यात आहे.

म्हणून पहिलं काम गुणतालिकेला हात न लावणं. गुणतालिकेत थेट आकडे वाढवत गेलं की चौथ्या सामन्यापाशी कुठेतरी गडबड होते आणि ती कुठल्या सामन्यात झाली ते शोधता येत नाही. आधी सामन्यांची नोंदवही करावी. एका सामन्याच्या दोन ओळी, प्रत्येक डावाची एक. कोण खेळलं, धावा, गडी, पूर्ण षटकं, वरचे चेंडू, सर्वबाद की नाही, आणि हा आकडा कोणत्या फोटोतून घेतला. गुणतालिका या वहीतून आपोआप निघाली पाहिजे. एखादा आकडा दुरुस्त करायचा झाला तर तो वहीत करायचा, तालिकेत कधीच नाही.

फोटोंवरून वहीत आलेले निकाल असे:

१. दहावी अ ८४/४ (१० षटकं), नववी अ ६१/९ (८.२)
२. नववी ब ७२/६ (१०). दहावी ब ६६/७ (१०)
३. नववी अ ७८/५ (१०). नववी ब ६३/८ (१०)
४. दहावी ब ५५/९ (१०), दहावी अ ५६/२ (७.३)
५. नववी अ ६४/६ (१०); दहावी ब ६५/४ (८.४)
६. नववी ब ५९ सर्वबाद (७.५), दहावी अ ६०/३ (९.१)

तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या सामन्याचे फोटो स्वच्छ आहेत, ते सोडून देऊ. बाकीच्या तिघांत एकेक गाठ आहे.

दुसऱ्या सामन्याचा फोटो संध्याकाळच्या उन्हात तिरका काढलेला, पानाच्या खालच्या कोपऱ्यावर मोबाइलची सावली, वर व्हॉट्सॲपने तो दाबून बारीक केलेला. दहावी ब च्या धावा इंग्रजी आकड्यांत लिहिल्या आहेत. पहिला सहा नीट दिसतो. दुसऱ्या सहाची शेपटी सावलीत गेल्यामुळे तो शून्यासारखा दिसतो. ६६ की ६०? कोणीही जिंकलेला संघ बदलत नाही, त्यामुळे ‘काय फरक पडतो’ असं वाटू शकतं. पण ६० धरलं तर नववी ब चा नेट रन रेट सुमारे −०.३२ होतो आणि दहावी ब चा −०.७०, म्हणजे फायनलला नववी ब जाते. ६६ धरलं तर काय होतं ते पुढे येईलच.

एकच आकडा डोळे ताणून पुन्हा पुन्हा पाहण्यात अर्थ नसतो. त्याच पानावर तोच आकडा दुसऱ्या कुठल्या रूपात लिहिलेला आहे का ते पाहावं. स्कोअरबुकात धावसंख्या किमान तीन ठिकाणी सापडते: फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर, गोलंदाजांनी दिलेल्या धावा अधिक बाय आणि लेग बाय, आणि निकालाची ओळ. इथे निकालाच्या ओळीत ‘नववी ब ६ धावांनी विजयी’ असं लिहिलं आहे. ७२ वजा ६६ म्हणजे ६. साठ असते तर बाराने विजय झाला असता. प्रश्न मिटला. निकालाच्या ओळीतला आकडा स्कोअररने मनात वजाबाकी करून लिहिलेला असतो. त्यामुळे तो धावसंख्येची नुसती नक्कल नसून तिची तपासणी ठरतो.

पहिल्या सामन्यात आकडे स्वच्छ दिसतात, पण ते एकमेकांशी जुळत नाहीत. नववी अ ६१/९, षटकं ८.२. पाठलाग करणारा संघ हरला आहे, षटकं संपलेली नाहीत आणि दहा गडीही बाद झालेले नाहीत. असा सामना संपतो कसा? तीन शक्यता उरतात. एखादी विकेट लिहायची राहिली, सामना अंधारामुळे किंवा शाळा सुटल्यामुळे मध्येच थांबला, किंवा संघात दहाच मुलं होती. इथे मात्र फोन करावाच लागतो. क्रीडाशिक्षकांकडून कळतं की एक मुलगा आलाच नव्हता, नववा गडी बाद झाल्यावर फलंदाज उरला नाही. मग हा डाव सर्वबादच धरायचा. खेळायला कुणी उरलं नाही म्हणजे संघ सर्वबाद, मग फलकावर नऊ दिसोत की आठ. हाच नियम जखमी होऊन परत गेलेल्या मुलालाही लागू होतो. वहीत ‘सर्वबाद’ असा वेगळा रकाना ठेवण्याचं कारण हेच. गड्यांच्या आकड्यावरून ते ठरवायला गेलं की फसगत होते.

सर्वबाद झालं की नाही याला इतकं महत्त्व का, ते नॉटिंगहॅमच्या एका सामन्यात फार ठळक दिसलं. ३१ मे २०१९ रोजी विश्वचषकात पाकिस्तान वेस्ट इंडिजविरुद्ध १०५ धावांत २१.४ षटकांत गुंडाळला गेला. नेट रन रेटच्या हिशोबात त्या १०५ धावा २१.४ षटकांत धरल्या गेल्या नाहीत, पूर्ण ५० षटकांत धरल्या गेल्या. संघाला ५० षटकं मिळाली होती, ती त्याने विकेट घालवून वाया घालवली, असा यामागचा विचार. म्हणून दर षटकामागे ४.८५ ऐवजी फक्त २.१ धावा. वेस्ट इंडिजने १०८ धावा १३.४ षटकांत केल्या, त्या मात्र तेवढ्याच षटकांत मोजल्या, कारण जिंकल्यामुळे डाव संपला होता. एका दुपारीत पाकिस्तानचा नेट रन रेट −५.८० झाला.

आमच्या शालेय तालिकेत हा नियम विसरला तर काय होतं ते पाहण्यासारखं आहे. नववी अ च्या ६१ धावा ८.२ षटकांत आणि नववी ब च्या ५९ धावा ७.५ षटकांत धरल्या, तर नववी ब −०.०२, नववी अ −०.२३ आणि दहावी ब −०.४९ असा क्रम लागतो. नियम पाळला तर दहावी ब −०.४९३, नववी ब −०.५२८ आणि नववी अ −०.६२९. शेवटचा संघ पहिला झाला! चुकीच्या हिशोबात लवकर बाद होणाऱ्यांना बक्षीस मिळतं, कारण कमी षटकांत धावा झाल्यासारखं दिसतं. तालिका तयार झाल्यावर सपाटून मार खाल्लेला एखादा संघ गुण बरोबरीच्या गटात वर तरंगताना दिसला, तर सगळ्यात आधी सर्वबादचा रकाना बघावा.

यात आणखी एक अर्धी चूक होते आणि ती पुरी चूक होण्यापेक्षा जास्त वेळा होते. फलंदाजी करणाऱ्या संघाच्या खात्यात पूर्ण दहा षटकं लिहिली जातात, पण समोरच्या संघाच्या ‘टाकलेली षटकं’ या रकान्यात ८.२ तशीच राहतात. नियम दोघांनाही लागू आहे. गोलंदाजांनी दहा षटकांची संधी असताना दहा गडी आधीच काढले, त्याचं श्रेय त्यांना पूर्ण दहा षटकांच्या रूपाने मिळतं.

आता दशांशचिन्ह. ८.४ म्हणजे आठ षटकं आणि चार चेंडू. संगणकाला ते आठ पूर्णांक चार दशांश वाटतं. षटकात सहा चेंडू असल्याने खरी किंमत ८.६६७ आहे. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे षटकं हा एकक सोडून देणं आणि सगळं चेंडूंत मोजणं. आठ षटकं चार चेंडू म्हणजे ५२ चेंडू, वाद संपला. तक्त्यात पूर्ण षटकं C रकान्यात, वरचे चेंडू D रकान्यात आणि सर्वबादची खूण E रकान्यात ठेवली, तर मोजायचे चेंडू असे निघतात:

```
=IF(E2="AO", 60, 6*C2+D2)
```

गुणतालिकेच्या पानावर C मध्ये केलेल्या धावा, D मध्ये खेळलेले चेंडू, E मध्ये दिलेल्या धावा आणि F मध्ये टाकलेले चेंडू असतील तर नेट रन रेट असा:

```
=6*C2/D2 - 6*E2/F2
```

सहाने गुणलं की चेंडूमागचा दर पुन्हा षटकामागचा होतो. पावसामुळे किंवा उशिरामुळे सामना सुरू होण्याआधीच आठ षटकांचा केला असेल, तर वरच्या ६० च्या जागी त्या सामन्यापुरते ४८ येतील.

या पद्धतीने चारही संघांचं खातं असं भरतं:

| संघ | केलेल्या धावा (चेंडू) | दिलेल्या धावा (चेंडू) | गुण | नेट रन रेट |
|---|---|---|---|---|
| दहावी अ | २०० (१६०) | १७५ (१८०) | ६ | +१.६६७ |
| दहावी ब | १८६ (१७२) | १९२ (१६५) | २ | −०.४९३ |
| नववी ब | १९४ (१८०) | २०४ (१७५) | २ | −०.५२८ |
| नववी अ | २०३ (१८०) | २१२ (१७२) | २ | −०.६२९ |

तालिका भिंतीवर लावण्याआधी एक तपासणी करायची असते, आणि ती बहुतेकजण करत नाहीत. ‘केलेल्या धावा’ हा रकाना उभा बेरजेला घ्या: ७८३. ‘दिलेल्या धावा’ हाही रकाना बेरजेला घ्या: ७८३. कुणीतरी केलेली प्रत्येक धाव दुसऱ्या कुणीतरी दिलेली असते, त्यामुळे या दोन बेरजा जुळल्याच पाहिजेत. चेंडूंचंही तसंच, दोन्हीकडे ६९२. वर सांगितलेली अर्धी चूक इथे लगेच पकडली जाते. पहिल्या सामन्यात दहावी अ च्या खात्यात ६० ऐवजी ५० चेंडू राहिले असते, तर एक बाजू दहाने कमी भरली असती. गुणांची बेरीज सामन्यांच्या दुप्पट, म्हणजे १२. ती १४ आली तर एकाच सामन्याचे दोन फोटो, एक पुस्तकाचा आणि एक फळ्याचा, दोन वेगळे सामने म्हणून चढले आहेत. मात्र चारही नेट रन रेटची बेरीज शून्य येईल अशी अपेक्षा ठेवू नका, ती येत नाही आणि न येण्यात काही चूक नाही.

या तपासण्यांची मर्यादाही सांगायला हवी. ६६ ऐवजी ६० वाचलं, तर ते दोन्ही संघांच्या खात्यात साठच जातं आणि बेरजा मजेत जुळतात. वाचण्याची चूक वाचण्याच्याच पायरीवर पकडावी लागते.

आता सहावा सामना. सगळी स्पर्धा याच फोटोवर अडकली आहे.

दहावी अ ला जिंकायला ६० हवे होते. फळ्याच्या फोटोत ५९/३ दिसतं. हा फोटो टाकून द्यायचा, कारण फळ्यावर आकडे लिहिणारा मुलगा विजयी धाव निघताच मैदानात पळालेला असतो. शाळेच्या फळ्यावरचा शेवटचा आकडा जवळजवळ नेहमी एका चेंडूने मागे असतो. स्कोअरबुकाच्या फोटोत ६०/३ आहे, पण षटकांच्या जागी नऊ नंतरचा आकडा दुमडीत गेला आहे. दहाव्या षटकाच्या चौकटीत दोन खुणा दिसतात: एक अधिकचं चिन्ह आणि एक ‘१’. म्हणजे ९.२?

नाही. अधिकचं चिन्ह ही वाइडची खूण आहे आणि वाइड चेंडू षटकाच्या सहांत मोजत नाहीत. एक वाइड, एक एकेरी धाव, म्हणजे नियमाप्रमाणे टाकलेला चेंडू एकच. ९.१. पण हे इतक्यावर सोडता येत नाही. बऱ्याच शालेय स्पर्धांत वेळ वाचवण्यासाठी वाइडची धाव देतात आणि चेंडू पुन्हा टाकत नाहीत. तसा नियम असेल तर वाइडही चेंडूंत धरला जाईल आणि ९.२ च खरं ठरेल. फोटोतच याचं उत्तर मिळतं. त्याच डावातलं वाइड असलेलं एखादं आधीचं, पूर्ण षटक शोधायचं. त्या चौकटीत सात खुणा असतील तर वाइडचा चेंडू पुन्हा टाकला गेला होता, सहाच असतील तर नाही. इथे तिसऱ्या षटकात सात खुणा आहेत. शिवाय गोलंदाजांचं पृथक्करण आहे: चार जणांची दोन-दोन षटकं आणि पाचव्याचं १.१. बेरीज ९.१. त्यांनी दिलेल्या धावा ५७, बाय ३, एकूण ६०. दोन वेगळ्या वाटांनी तोच आकडा आला, आता तो वहीत लिहायला हरकत नाही.

एका चेंडूसाठी एवढी खटपट कशाला, तर हा हिशोब पाहा. ९.१ षटकं धरली, तर नववी ब ने साखळीत एकूण १७५ चेंडू टाकले आणि तिचा नेट रन रेट −०.५२८ झाला. ९.२ असते, तर १७६ चेंडू आणि −०.४८८. दहावी ब तर −०.४९३ वर थांबलेली. म्हणजे विजयी एकेरी धाव एक चेंडू उशिरा निघाली असती तर सामना हरूनही नववी ब फायनलला गेली असती. दशांशाची चूकही इथेच बाधते. ९.१ असताना ‘आठ पूर्णांक चार’ पद्धतीने हिशोब केला तरी सुदैवाने क्रम बदलत नाही. पण खरा निकाल ९.२ असता, तर त्या चुकीच्या हिशोबात नववी ब −०.५२० आणि दहावी ब −०.४८४ दिसली असती आणि पात्र ठरलेला वर्ग घरी गेला असता. दशांशाची चूक निकालात क्वचितच उघडी पडते, म्हणून ती वर्षानुवर्षं टिकते.

यावरून आणखी एक गोष्ट निघते: तालिका शेवटच्या सामन्याआधी अद्ययावत हवी, नंतर नव्हे. सहाव्या सामन्याच्या मध्यंतरात, नववी ब ५९ वर बाद झाली तेव्हा, पाच सामन्यांची वही तयार असती तर कर्णधाराला सांगता आलं असतं: ‘त्यांनी बरोबर साठ करून जिंकायला ९.२ किंवा जास्त घेतलं तर आपण आत. चौकार मारून त्रेसष्टवर जिंकले तर मात्र ९.५ पर्यंत लांबायला हवं.’ दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे. विजयी फटका किती धावांचा, यावर दिलेल्या धावांची बेरीज बदलते आणि तिच्याबरोबर चेंडूंची अटही.

हे दुसरं वाक्य न कळल्यामुळे काय होतं, ते ५ सप्टेंबर २०२३ रोजी लाहोरमध्ये आशिया चषकात दिसलं. श्रीलंकेच्या २९१ धावांचा पाठलाग करताना अफगाणिस्तानला पुढच्या फेरीत जायला ३७.१ षटकांत २९२ हवे होते. तो चेंडू आला आणि मुजीब उर रहमान मोठा फटका मारताना बाद झाला. धावा २८९. मैदानावरच्यांना वाटलं, संपलं. प्रत्यक्षात ३७.४ पर्यंत २९५ झाले असते तरी चालणार होतं, म्हणजे पुढच्या तीन चेंडूंत एक षटकार पुरला असता. शेवटचा फलंदाज फझलहक फारुकी चेंडू अडवत राहिला, समोर राशिद खान उभाच. फारुकी ३७.४ वर पायचीत झाला आणि सामनाही दोन धावांनी गेला. हे बाकीचे पर्याय आपल्याला कळवलेच गेले नव्हते, असं प्रशिक्षक जोनाथन ट्रॉट यांनी नंतर सांगितलं. आंतरराष्ट्रीय संघाच्या ताफ्यात जर हे हुकतं, तर शाळेच्या कट्ट्यावर बसलेल्या सरांना दोष कसा द्यायचा?

न झालेल्या सामन्यांबद्दल थोडक्यात. पावसाने सामना निकालाविना रद्द झाला तर एकेक गुण वाटून द्यायचा आणि त्यातल्या धावा-षटकं कुणाच्याच खात्यात धरायची नाहीत, अर्धा डाव खेळून झाला असला तरी. सामना बरोबरीत सुटून सुपर ओव्हर झाली तर तिच्या धावा हिशोबात येत नाहीत. संघ आलाच नाही आणि समोरच्याला पुढे चाल मिळाली तर आंतरराष्ट्रीय नियम कडक आहे: न आलेल्या संघाच्या खात्यात शून्य धावा आणि पूर्ण षटकं लिहिली जातात, आलेल्या संघाच्या दराला मात्र हात लावला जात नाही. असा सामना असेल तर वर सांगितलेल्या चेंडूंच्या दोन बेरजा तेवढ्या षटकांनी जुळणार नाहीत, हे लक्षात ठेवायचं. शालेय स्पर्धेला हा नियम मला जरा जास्तच वाटतो, कारण मुलं बहुतेकदा बस चुकल्यामुळे येत नाहीत. पण जो नियम ठरेल तो पहिल्या सामन्याआधी कागदावर हवा, वाइडचा चेंडू पुन्हा टाकायचा की नाही याच्यासकट.

फोटो काढणाऱ्यासाठी तीनच सूचना पुरतात. पान सपाट सावलीत ठेवून बरोबर वरून फोटो काढावा आणि चारही कोपरे चौकटीत यावेत. दोन्ही कर्णधारांच्या सह्या झाल्यावरच काढावा, आधी नाही. आणि तो व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, म्हणजे दाबला जात नाही. पानावर सामना क्रमांक मोठ्या अक्षरांत असेल तर फोटो मागेपुढे आले तरी बिघडत नाही.

नेट रन रेट न्याय्य आहे का, हा प्रश्न दर स्पर्धेत कुणीतरी विचारतंच. २०१९ च्या त्याच विश्वचषकात साखळीअखेर न्यूझीलंड आणि पाकिस्तान या दोघांचे ११-११ गुण आणि पाच-पाच विजय होते. आपसातला सामना पाकिस्तानने सहा गडी राखून जिंकला होता. तरी +०.१७५ विरुद्ध −०.४३० या फरकाने न्यूझीलंड उपांत्य फेरीत गेला. त्या ऋण आकड्यामागे नॉटिंगहॅमची ती एक दुपार होती. या मापात विकेटला किंमत नाही. दहा गडी राखून ९.५ षटकांत जिंकणं आणि एक गडी राखून ९.५ षटकांत जिंकणं त्याच्या लेखी सारखंच. शिवाय साखळी छोटी असेल तर एकच वाईट सामना सगळं झाकोळून टाकतो. तीन सामन्यांच्या साखळीत तर फारच.

नववी अ चंच बघा. बरोबरीच्या तिघांत आपसातला सगळ्यात मोठा विजय त्यांचा होता, नववी ब वर १५ धावांनी, आणि तरी तो वर्ग तळाला. घात झाला तो पहिल्या सामन्यात, दहावी अ समोर. ६१ वर नववा गडी बाद झाला तेव्हा जिंकायला २४ धावा हव्या होत्या आणि दहा चेंडू उरले होते. सामना जाणार हे नक्कीच होतं, म्हणून न आलेल्या अकराव्या मुलाची कुणाला फारशी आठवणही झाली नाही. तो आला असता आणि त्या दहा चेंडूंत आणखी चार धावा निघाल्या असत्या, तर एकूण २०७ धावांवर नववी अ चा दर −०.४९५ झाला असता, दहावी ब पेक्षा केसभर खाली. पाच निघाल्या असत्या, तर २०८ धावा, −०.४६२, आणि सामना १८ धावांनी हरूनही फायनल नववी अ खेळली असती.